अर्जावरची चौकट काढली तेव्हा

2015 च्या आधी न्यू जर्सीत एखाद्या बर्गरच्या किंवा कपड्यांच्या साखळी दुकानात काम मागायला गेलं, की संगणकावर एक लांबलचक फॉर्म भरावा लागायचा. नाव, पत्ता, शिक्षण, आधी कुठे काम केलं, आठवड्यात कोणत्या वेळी येता येईल, हे सगळं भरल्यावर बऱ्याच फॉर्मांवर एक प्रश्न असायचा: तुम्हाला कधी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं आहे का? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. ‘हो’वर खूण केली की तो अर्ज बहुतेक वेळा तिथेच संपायचा. माणूस कोण, गुन्हा कोणता, त्याला किती वर्षं झाली, हे कुणी विचारतही नसे.

ही चौकट काढून टाका, अशी मागणी अमेरिकेत बरीच वर्षं चालू होती. ‘बॅन द बॉक्स’ हे त्या चळवळीचं नाव, आणि ती पुढे नेणाऱ्यांमध्ये तुरुंगातून सुटून आलेली माणसंच आघाडीवर होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्हाला आधी माणूस म्हणून भेटा, आमचं काम बघा, जुना गुन्हा मग विचारा. हवाई राज्याने 1998 मध्येच असा कायदा केला होता. 1 मार्च 2015 पासून न्यू जर्सीत तो लागू झाला आणि त्याच वर्षी 27 ऑक्टोबरपासून न्यूयॉर्क शहरात. न्यू जर्सीत पहिली मुलाखत होईपर्यंत मालकाला गुन्ह्याबद्दल विचारता येत नव्हतं. न्यूयॉर्कचा कायदा त्याहून कडक होता. तिथे नोकरी देऊ केल्यानंतरच चौकशी करायची, आणि मग नकार द्यायचा असेल तर लेखी कारण देऊन निदान तीन कामकाजाचे दिवस ती जागा राखून ठेवायची.

या कायद्यांकडून दोन अपेक्षा होत्या. शिक्षा भोगून आलेल्यांना दुसरी संधी मिळावी, ही एक. दुसरी अशी की अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना शिक्षा होण्याचं प्रमाण फार मोठं असल्यामुळे चौकट गेली की त्यांची बेरोजगारीही कमी व्हावी. या दुसऱ्या अपेक्षेचं पुढे काय झालं, ते मला सविस्तर सांगायचं आहे. नोकरभरतीतला भेदभाव नेमका कसा चालतो हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या वाचनात नाही.

मॅनेजर काय करतो

दुकानाच्या मॅनेजरच्या जागी जरा बसून बघू. काउंटरवर एक माणूस हवाय आणि अर्ज आलेत साठ-सत्तर. त्याला ज्या गोष्टी जाणून घ्यायच्या असतात त्या अर्जावर नसतातच. हा मुलगा वेळेवर येईल का, गल्ल्याला हात लावणार नाही ना, तीन आठवड्यांत सोडून तर जाणार नाही? काम करायला लागल्यावर सहा महिन्यांनी हे सगळं कळेल, आज कळत नाही. मग जे दिसतं त्यावरून, जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधला जातो. नाव दिसतं, वय दिसतं, पत्ता दिसतो. ‘असल्या मुलांचा आपला अनुभव काय’ या आठवणीवर निकाल लागतो.

अर्थशास्त्रात याला सांख्यिकीय भेदभाव म्हणतात. एडमंड फेल्प्स यांनी 1972 मध्ये त्याचं सोपं गणित मांडलं आणि त्याच सुमारास केनेथ ॲरो यांनीही यावर लिहिलं. त्याआधी भेदभावाचं मुख्य स्पष्टीकरण गॅरी बेकर यांचं होतं. मालकाला अमुक समाजाची माणसं जवळ नकोच असतात, आणि ती नावड जपण्यासाठी तो थोडं नुकसानही सोसतो. फेल्प्स यांचं म्हणणं असं, की मालकाच्या मनात काडीचाही द्वेष नसला तरी भेदभाव होऊ शकतो. त्याला एकेका माणसाची कुवत नीट दिसत नाही, एवढं त्यासाठी पुरेसं आहे.

हे आकड्यांत बघू. दोन मुलांना चाचणीत प्रत्येकी 70 गुण मिळाले. पहिल्याच्या गटाची सरासरी 60 आहे आणि दुसऱ्याच्या गटाची 50, असं मालक धरून चालतो. चाचणी तशी कच्ची आहे. तिच्यावर त्याचा 40 टक्केच भरवसा, उरलेला 60 टक्के भार तो गटाच्या सरासरीवर टाकतो. मग पहिल्याबद्दलचा अंदाज येतो 28 अधिक 36, म्हणजे 64. दुसऱ्याचा 28 अधिक 30, म्हणजे 58. गुण तेच, तरी सहाचा फरक पडला. आता चाचणी सुधारून तिच्यावर 80 टक्के भरवसा ठेवता आला, तर अंदाज येतात 68 आणि 66. फरक दोनावर आला. मालकाचे पूर्वग्रह होते तसेच आहेत. फक्त त्या मुलाबद्दलची माहिती पक्की झाली आणि गटाच्या सरासरीचं वजन उतरलं.

हेच उलट्या दिशेने वाचायला हवं. माणसाची स्वतःची माहिती हिरावून घेतली की ती रिकामी जागा रिकामी राहत नाही, तिथे गटाची सरासरी येऊन बसते. गुन्ह्याची चौकट ही तशी माहितीच होती. ज्याच्या हातून काही घडलं होतं त्याच्यासाठी ती शाप होती. पण ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्या कृष्णवर्णीय मुलासाठी ‘नाही’वरची खूण हा पुरावा होता, आपण कसे आहोत हे समोरच्याने गृहीत धरण्याआधीच सांगण्याचा.

ही शंका कायदा येण्याआधीपासूनच होती. हॅरी होल्झर, स्टीव्हन राफेल आणि मायकेल स्टोल या तिघांनी 2006 मध्ये दाखवलं होतं, की उमेदवारांची पार्श्वभूमी तपासणारे मालक न तपासणाऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांना जास्त कामावर घेतात. पण तपासणारे आणि न तपासणारे मालक मुळातच वेगळ्या प्रकारचे असू शकतात. त्यामुळे त्यावरून फार ठाम काही म्हणता येत नव्हतं. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या कायद्यांनी ती अडचण सोडवली, कारण तिथे त्याच दुकानाच्या फॉर्मवर आज चौकट होती आणि उद्या नव्हती.

पंधरा हजार अर्ज

अमांडा अगन आणि सोन्या स्टार या दोन संशोधकांनी ही वेळ बरोबर साधली. कायदा लागू होण्याआधी आणि नंतर त्यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरातल्या कंपन्यांना मिळून सुमारे 15,000 अर्ज ऑनलाइन पाठवले. सगळे उमेदवार काल्पनिक, सगळे तरुण पुरुष, आणि कामं फार शिक्षण न लागणारी. अर्ज एकमेकांशी मिळतेजुळते होते. त्यांत मुख्यतः दोन गोष्टी ठरवून बदलल्या होत्या. एक म्हणजे नाव, ज्यावरून उमेदवार श्वेतवर्णीय आहे की कृष्णवर्णीय ते वाचणाऱ्याला सहज कळावं. दुसरी म्हणजे जुना गंभीर गुन्हा आहे की नाही. कुणाला काय मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं होतं. मग मालकाकडून फोन किंवा ईमेल येतो का, एवढंच मोजायचं.

या रचनेत एक बारकावा आहे. सगळ्याच कंपन्या आधी हा प्रश्न विचारत होत्या असं नाही. ज्यांच्या फॉर्मवर चौकट नव्हतीच, त्यांच्यासाठी कायद्याने काही बदललं नाही. त्यामुळे ऋतू बदलला, बाजारात मंदी आली, सणासुदीची भरती निघाली अशी दुसरी काही कारणं असतील, तर ती या कंपन्यांच्या आकड्यांत दिसली असती. ज्यांच्याकडे चौकट होती आणि गेली त्यांची तुलना यांच्याशी करता येत होती. अशी सोय क्वचितच मिळते.

पहिला निकाल अपेक्षित होता. चौकट असलेल्या कंपन्यांकडून, गुन्हा नसलेल्या उमेदवाराला गुन्हा असलेल्यापेक्षा 63 टक्के जास्त वेळा बोलावणं आलं. म्हणजे चळवळ म्हणत होती ते खरंच होतं. एका खुणेने दार बंद होत होतं.

दुसरा निकाल बघून मी थबकलो. याच कंपन्यांमध्ये चौकट असताना श्वेतवर्णीय उमेदवारांना तशाच कृष्णवर्णीय उमेदवारांपेक्षा 7 टक्के जास्त बोलावणी येत होती. चौकट गेल्यावर ही तफावत 43 टक्क्यांवर गेली.

हा बदल साध्या नावडीने समजावून सांगता येत नाही. कृष्णवर्णीय माणूस मॅनेजरला दुकानात नकोच असता, तर त्याचं नाव त्याला आधीही दिसत होतं आणि नंतरही. आधीही त्याने तेवढेच अर्ज बाजूला टाकले असते. नावं तीच, कंपन्या त्याच, अर्ज तसेच. बदलली फक्त एक गोष्ट, की गुन्ह्याबद्दल आता कळत नव्हतं. त्या न कळण्याची जागा नावाने घेतली.

आणि यात कुणाचं काय झालं ते वेगवेगळं बघायला हवं, नाहीतर ‘तफावत वाढली’ या शब्दांत माणसं हरवतात. ज्या श्वेतवर्णीय मुलाच्या नावावर गुन्हा होता, त्याला फायदा झाला. आता तो इतर श्वेतवर्णीयांच्या गर्दीत मिसळून गेला आणि मॅनेजरने त्याला सरळमार्गी धरलं. ज्या कृष्णवर्णीय मुलाने कधी काही केलं नव्हतं, त्याचं नुकसान झालं. त्याचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्कच गेला. कायदा ज्यांच्यासाठी केला त्यांपैकी काहींचा बोजा हलका झाला खरा, पण तो जाऊन पडला एका निरपराध मुलाच्या खांद्यावर, आणि आपल्याला का बोलावलं नाही हे त्या मुलाला कधीच कळणार नव्हतं. कळायला मार्गच नाही. न आलेल्या फोनवर कारण लिहिलेलं नसतं.

हिशेब जुळतो का

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, म्हणजे मॅनेजर चुकीचं वागत नव्हता, तो फक्त शक्यता मोजत होता. हे मला मान्य नाही, आणि का नाही ते त्याच आकड्यांवरून दाखवता येतं. कागद-पेन घेऊन बसलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

समजा, गुन्हा असलेल्याला बोलावणं येण्याची शक्यता 1 आहे. मग गुन्हा नसलेल्याची 1.63, कारण फरक 63 टक्क्यांचा आहे. चौकट गेल्यावर मॅनेजरला दोघे वेगळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे तो प्रत्येक गटाला, त्या गटात किती जणांवर गुन्हा असेल असं त्याला वाटतं त्या प्रमाणात मधली शक्यता देईल. श्वेतवर्णीय तरुणांत हे प्रमाण 10 टक्के आहे असं त्याला वाटतं, असं धरू. मग त्यांची शक्यता 1.567 येते.

आता खरी परिस्थिती काय होती? सारा शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये केलेल्या अंदाजानुसार 2010 पर्यंत अमेरिकेतल्या सर्व प्रौढांपैकी सुमारे 8 टक्के लोकांवर गंभीर गुन्हा सिद्ध झालेला होता, आणि कृष्णवर्णीय प्रौढ पुरुषांमध्ये सुमारे 33 टक्क्यांवर. हा 33 चा आकडा ऐकून अंगावर काटा येतो. त्यामागे तिथल्या पोलीस आणि न्यायव्यवस्थेचा मोठा इतिहास आहे, पण तो वेगळा विषय. आपण मॅनेजरला झुकतं माप देऊ आणि तरुणांसाठीही तोच 33 टक्के धरू. खरं तर शिक्षा झालेल्यांचं प्रमाण वयाबरोबर साठत जातं, त्यामुळे नुकत्याच विशीत आलेल्यांत ते याहून कमी असणार. तरीही 33 धरलं, तर कृष्णवर्णीय उमेदवाराची शक्यता येते 1.42. दोघांतला फरक सुमारे 10 टक्के. त्यात आधीपासून असलेला 7 टक्क्यांचा फरक मिळवला, तर एकूण तफावत 18 टक्क्यांच्या आसपास यायला हवी होती.

प्रत्यक्षात आली 43.

मग उलटा हिशेब करून बघू. 43 टक्के तफावत यायची असेल, तर मॅनेजरच्या मनात कृष्णवर्णीय तरुणांबद्दल काय आकडा असायला हवा? वरचीच रीत वापरून तो येतो जवळजवळ 73 टक्के. श्वेतवर्णीयांत एकावरही गुन्हा नाही असं धरलं, तरी कृष्णवर्णीयांसाठी 65 टक्के लागतातच. म्हणजे मॅनेजर असं वागत होते, की समोरच्या दर तीन कृष्णवर्णीय मुलांपैकी किमान दोघे तरी गुन्हेगार असणारच.

ही आकडेमोड ढोबळ आहे, हेही सांगायला हवं. मोजलेल्या तफावतींभोवती नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता असते. शिवाय मॅनेजर प्रत्येक अर्जाला असं मापून देत नसेल. वरचे दहा अर्ज घ्यायचे आणि बाकीचे सोडायचे, अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत असते, आणि तशा पद्धतीत अंदाजातला थोडासा फरकही माणसाला रेषेच्या खाली ढकलायला पुरतो. त्यामुळे 73 या आकड्याला चिकटून बसू नये. पण अगन आणि स्टार यांनी आपल्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्षही याच दिशेचा आहे: गुन्ह्यांच्या प्रमाणात दोन समाजांत खराखुरा फरक आहे, आणि मालकांच्या डोक्यात तो फुगवलेला आहे.

सांख्यिकीय भेदभाव म्हटलं की तो थंड डोक्याने केलेला, म्हणून निदान अचूक तरी, असं आपण नकळत मानतो. या प्रकरणात ते खरं ठरत नाही. सरासरी वापरली जाते, पण ती कुणी मोजून आणलेली नसते. ती बातम्यांतून, ऐकीव गोष्टींतून, एखाद्या जुन्या वाईट अनुभवातून आलेली असते.

आणि ती दुरुस्त का होत नाही, हेही बघण्यासारखं आहे. चुकीचा अंदाज बांधणाऱ्या धंद्याचं नुकसान होतं, त्यामुळे मालक हळूहळू शिकेल, असा एक युक्तिवाद असतो. पण शिकायला अनुभव लागतो. ज्याला बोलावलंच नाही, तो चांगला निघाला असता की वाईट, हे मॅनेजरला कसं कळणार? घेतलेला माणूस वाईट निघाला तर ते दिसतं आणि लक्षात राहतं. न घेतलेला माणूस चांगला होता, हे कधीच दिसत नाही. कामावर घेतल्यानंतर मात्र चित्र बदलतं. जोसेफ अल्टोन्जी आणि चार्ल्स पिएरे यांनी 2001 मध्ये अमेरिकन कामगारांच्या पगारांवरून दाखवलं, की नोकरीत वर्षं जातात तसं शिक्षणासारख्या वरवर दिसणाऱ्या खुणांचं महत्त्व उतरतं आणि खऱ्या कुवतीचं चढतं. म्हणजे मालक शिकतात, पण दारातून आत आलेल्यांबद्दलच. दाराबाहेर राहिलेल्यांबद्दलचा समज तसाच्या तसा राहतो.

आपल्याकडे

हे सगळं वाचताना मला एका भरतीची आठवण येत राहिली. पुण्याजवळच्या एका कंपनीत काही वर्षांपूर्वी मी अर्ज चाळायच्या कामात होतो. हिशेबाच्या विभागात एक जागा होती. मुलाखतीला आलेल्या मुलींना एक गृहस्थ हमखास विचारायचे, “लग्न ठरलंय का?” 2017 मध्ये प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली होती आणि त्या रजेचा पगार मालकालाच द्यायचा असतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. पुढे वरून सूचना आली, हा प्रश्न विचारायचा नाही. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मग मुलाखतीच्या आदल्या दिवशी यादी पाहिली, तर 25 ते 30 वयाच्या मुलींचे अर्ज त्यात जवळपास नव्हतेच. प्रश्न बंद झाला होता, जन्मतारीख मात्र अर्जावर होती. ज्या मुलीचा लग्नाचा विचारच नव्हता, तिला आधी निदान “नाही” म्हणता येत होतं. मी त्या यादीवर सही केली. तेव्हा बोलायला हवं होतं, हे आज कळतं.

आणि आडनाव तर आपल्याकडे जन्मतारखेहूनही जास्त बोलतं. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न “आडनाव काय?” आणि तरीही उलगडा झाला नाही, तर “गाव कोणतं तुमचं?” मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले होते. त्यांचा लेख 2007 मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. दलित नावाला पुढे बोलावलं जाण्याचा संभव उच्चवर्णीय हिंदू नावाच्या सुमारे दोन तृतीयांश होता, मुस्लिम नावाचा त्याहूनही कमी. त्यात नावड किती आणि अंदाज किती, हे अशा एका प्रयोगातून सुटं करता येत नाही. न्यू जर्सीत ते बऱ्याच अंशी करता आलं, कारण तिथे नाव तेच ठेवून माहिती काढून घेतली गेली.

मग चौकट परत आणायची का

फोन येणं म्हणजे नोकरी मिळणं नव्हे. म्हणून प्रत्यक्ष रोजगाराचे आकडेही पाहायला हवेत. जेनिफर डोलिएक आणि बेंजामिन हॅन्सन यांनी अमेरिकेत जिथे जिथे, ज्या ज्या वेळी असे कायदे आले, तिथले रोजगाराचे सरकारी आकडे तपासले. पदवी नसलेल्या तरुण कृष्णवर्णीय पुरुषांना काम असण्याची शक्यता 3.4 टक्क्यांच्या अंतराने घटलेली दिसली. म्हणजे शंभरात साधारण तीन-चार जणांचं काम गेलं. पण सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. इव्हान रोझ यांना सिॲटलच्या कायद्याचा, शिक्षा झालेल्यांच्या रोजगारावर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. टेरी-ॲन क्रेगी यांना सरकारी नोकऱ्यांत शिक्षा झालेल्यांना स्पष्ट फायदा झालेला आढळला. सरकारी भरती नियमांनी बांधलेली असते आणि तिथे मनातल्या सरासरीला वाव कमी असतो, म्हणून हा फरक पडत असेल असं मला वाटतं. पण ते माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

चौकट परत आणा, असं मी म्हणणार नाही. ज्याने शिक्षा भोगली त्याला जन्मभर दाराबाहेर ठेवणं चूकच, आणि 63 टक्क्यांचा आकडा तेच सांगतो. पण एक माहिती काढून घेताना तिच्या जागी दुसरी काहीतरी द्यायला हवी, जी त्या एका माणसाबद्दल असेल. याचे दाखले आहेत. डेव्हिड ऑटर आणि डेव्हिड स्कारबरो यांनी एका मोठ्या साखळीच्या 1,300 हून जास्त दुकानांत मॅनेजरच्या गप्पावजा निवडीऐवजी संगणकावरची ठरावीक चाचणी आली तेव्हा काय झालं ते पाहिलं. अल्पसंख्याक उमेदवार त्या चाचणीत सरासरीने कमी गुण मिळवत होते, त्यामुळे त्यांची भरती घटेल अशी भीती होती. ती घटली नाही, आणि घेतलेली माणसं आधीपेक्षा जास्त काळ टिकली. ॲबिगेल वोझनिएक यांचा अभ्यास अमली पदार्थांच्या चाचण्यांबद्दल आहे. जिथे कायद्याने मालकांना अशा चाचण्या करायला प्रोत्साहन दिलं, तिथे त्या उद्योगांत कृष्णवर्णीयांचा रोजगार वाढला. हेही चौकटीसारखंच आहे. चाचणी नसताना मॅनेजर मनाने गृहीत धरत होता, आणि चाचणीने निरपराध माणसाच्या हाती कागद दिला.

चाचणीलाही मर्यादा आहेत. ती कामाशी संबंधित हवी, नाहीतर तिच्या आडून जुनीच चाळणी चालू राहते. आणि ज्याच्या नावावर खरोखर गुन्हा आहे, त्याला चाचणीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी मालकाला माहिती मिळू द्यायची, पण ती वापरायची कशी यावर बंधन घालायचं, हा मार्ग मला जास्त पटतो. न्यूयॉर्कच्या कायद्यात तो अर्धा आहेच: नकार द्यायचा तर हा गुन्हा या कामाच्या आड कसा येतो ते लिहून द्या. अडचण अशी, की ही लेखी जबाबदारी नोकरी देऊ केल्यानंतर सुरू होते, आणि भेदभाव त्याच्या कितीतरी आधी, अर्जांच्या ढिगाऱ्यातच उरकलेला असतो. तिथे कुणाला काही लिहून द्यावं लागत नाही. निवडलेल्यांची यादी राहते, न निवडलेल्यांची कुणी ठेवत नाही. माझ्या त्या कंपनीतही ठेवली नव्हती. म्हणून 25 ते 30 वयाच्या किती मुलींचे अर्ज त्या ढिगाऱ्यात होते, हे आज मला कुणी विचारलं, तर सांगता येणार नाही.